सीन ३७ मधली होडी

विमा कंपनीच्या अंडररायटरचा, म्हणजे जोखीम तपासून विमा द्यायचा की नाही ते ठरवणाऱ्याचा, पहिला मेल आला तेव्हा मी शूटच्या जागा पाहायला, रेकीला, कणकवलीच्या पुढे होते. मेलमध्ये एकच प्रश्न होता. 'तुमच्या प्रपोजल फॉर्ममध्ये पाण्यावरचं चित्रीकरण या रकान्यापुढे "नाही" लिहिलंय. पण पटकथेत सीन ३७ ला आजोबा आणि नातू होडीतून खाडीपलीकडे जातात. याचा खुलासा करावा.'

मी गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि तो मेल पुन्हा वाचला. फॉर्मसोबत पटकथा जोडायची असते म्हणून जोडली होती. ती कुणी एकशे दहा पानं वाचून काढेल असं मला वाटलं नव्हतं. फॉर्म आमच्या ऑफिसातल्या मुलाने भरला होता. त्याच्या डोक्यात 'पाण्यावरचं चित्रीकरण' म्हणजे पाण्याखालचा कॅमेरा आणि उड्या. दोन मिनिटांची होडी त्याने त्यात धरलीच नाही. सही मात्र माझी होती, आणि फॉर्मच्या शेवटी छापलेलं असतं की वरील सर्व माहिती खरी आणि पूर्ण आहे. त्या होडीत कॅमेरा पडला असता किंवा कुणी बुडालं असतं, तर 'नाही' हा एक शब्द पूर्ण दावा फेटाळायला पुरला असता.

मी एका छोट्या मराठी निर्मितीसंस्थेत कार्यकारी निर्माती आहे. त्याआधी बरीच वर्षं प्रॉडक्शनचे हिशेब सांभाळले. सिनेमाचा विमा हे मोठ्या हिंदी बॅनरचं काम, आपल्या बजेटला ते झेपत नाही, असं आमच्याकडे सगळे धरून चालायचे. या वेळी पैसे लावणाऱ्या भागीदाराने करारातच अट घातली होती की विमा नसेल तर दुसरा हप्ता मिळणार नाही. म्हणून दादरचा एक ब्रोकर गाठला आणि कामाला लागलो. पहिल्या मसुद्यापासून पॉलिसी हातात येईपर्यंत सात आठवडे गेले. ते सात आठवडे कशात गेले, हे कुणीतरी मला आधी सांगायला हवं होतं.

आमचा सिनेमा ३२ दिवसांच्या शूटचा. त्यातले २० दिवस सिंधुदुर्गात, देवगड आणि मालवणच्या मधल्या गावांमध्ये, आणि १२ दिवस पुण्यात. एकूण बजेट ३ कोटी ४० लाख. ब्रोकरने सुरुवातीलाच सांगितलं, "ताई, पूर्ण बजेटचा विमा उतरवायचा नाही. शूट अडलं तर जो पैसा पुन्हा खर्च करावा लागतो, तेवढ्याचाच उतरवायचा." कथेचे आणि संगीताचे हक्क, एडिटिंग, डीआय म्हणजे रंगांचं काम, साऊंड, प्रसिद्धी हे सगळं त्यातून वगळलं, कारण नट आजारी पडला म्हणून संगीतकाराला दुसऱ्यांदा पैसे द्यावे लागत नाहीत. अशी एक कोटीची वजाबाकी झाली आणि विमा रक्कम २ कोटी ४० लाखांवर आली.

मग त्याने विचारलं, "एक दिवस शूट बंद राहिलं तर तुमचं किती जातं?"

मी लगेच २ कोटी ४० लाख भागिले ३२ केलं आणि साडेसात लाख म्हणाले. त्याने मान हलवली. हा आकडा आमच्या धंद्यात सगळेच चुकवतात असं त्याचं म्हणणं होतं, आणि हिशेब मांडल्यावर मला ते पटलं. दिग्दर्शकाचे, डीओपीचे म्हणजे छायाचित्रकाराचे, मुख्य कलाकारांचे पैसे एकरकमी ठरलेले असतात. शूट चार दिवस लांबलं तरी ते वाढत नाहीत. वाढतं ते रोजचं: कॅमेरा आणि लाइटचं भाडं, जनरेटर, ८४ माणसांचं राहणं आणि जेवण, गाड्या, लाइटमन, स्पॉटदादा, मेकअप, ड्रेसवाले यांच्या शिफ्ट आणि बाटा म्हणजे रोजचा भत्ता, लोकेशनचं भाडं, ज्युनियर आर्टिस्ट. आम्ही दोघं एका दुपारी त्याच्या ऑफिसात बसलो, मागच्या सिनेमाची रोजची प्रॉडक्शन रिपोर्टं काढली आणि एकेक ओळ लिहिली. बेरीज साडेचार लाखांच्या आसपास आली. साडेसात लाख लिहिले असते तर प्रीमियम जास्त भरला असता, आणि दाव्याच्या वेळी हातात तरीही बिलांएवढंच पडलं असतं. नुकसानभरपाई प्रत्यक्ष झालेल्या जादा खर्चाची मिळते. नफ्याची मिळत नाही, आणि सिनेमा उशिरा लागला म्हणूनही मिळत नाही.

यानंतर सामानाची यादी. कॅमेरा, लेन्स, ग्रिप, लाइट सगळं अंधेरीच्या एका व्हेंडरकडून भाड्याने येणार होतं. त्याने यादी पाठवली, प्रत्येक वस्तूपुढे किंमत, खाली बेरीज ८० लाख. आम्ही तीच जशीच्या तशी फॉर्मला जोडली. अंडररायटरने विचारलं, ही किंमत कसली आहे? व्हेंडरला फोन केला तेव्हा कळलं की ती त्याच्या हिशेबवहीतली, घसारा वजा केलेली किंमत होती. तेच सामान आज नवीन घ्यायचं तर १ कोटी २० लाख लागले असते.

हा फरक कागदी वाटतो, पण यावर सगळा दावा उलटू शकतो. पॉलिसी नव्या किमतीवर आधारलेली असेल आणि आपण दोन तृतीयांश रकमेचाच विमा उतरवला असेल, तर कंपनी प्रत्येक नुकसानीचा दोन तृतीयांशच देते. समजा लेन्स पडली आणि दुरुस्तीला सहा लाख आले. आपल्याला वाटतं, विमा ८० लाखांचा आहे, सहा लाख तर मिळतीलच. मिळतात चार, आणि त्यातूनही डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक नुकसानीतला आपण सोसायचा ठरलेला वाटा, कापलं जातं. वरचे दोन लाख आपल्या खिशातून. म्हणून यादी नव्याने केली, प्रत्येक कॅमेरा बॉडीचा आणि लेन्सचा सिरियल नंबर घातला आणि किंमत आजच्या कोटेशनप्रमाणे धरली.

व्हेंडरच्या भाडेकरारात आणखी एक ओळ होती, जी मी आजवर कित्येक वेळा न वाचता सही केली होती. सामान खराब झालं तर दुरुस्तीचा खर्च आणि दुरुस्ती होईपर्यंतचं भाडं निर्मात्याने द्यायचं. पॉलिसी दुरुस्ती देत होती, ते बंद काळातलं भाडं देत नव्हती. ते हवं तर वेगळं मागावं लागतं. आम्ही विचारलं, त्यांनी जादा प्रीमियम सांगितला, निर्मात्यांनी नको म्हटलं. ते मी लिहून ठेवलं.

तारखांचंही तसंच. फॉर्ममध्ये विम्याची सुरुवात म्हणून शूटचा पहिला दिवस, १४ नोव्हेंबर लिहिला होता. पण सामान अंधेरीतून टेम्पोत चढणार १२ तारखेच्या रात्री. मुंबई ते देवगड हा घाटातला, रात्रीचा प्रवास, म्हणजे सगळ्यात जोखमीचे तास, विम्याबाहेर राहिले असते. सुरुवात १२ तारखेवर घेतली, आणि शेवटही पॅकअपच्या दिवसावर न ठेवता सामान गोदामात परत पोचेपर्यंत. याशिवाय गाडी माणसाविना उभी असताना चोरी झाली तर भरपाई नाही, अशी अट होती. आमच्या कॅमेरा अटेंडंटला मी ती अट मराठीत लिहून दिली: हॉटेलवर पोचल्यावर पेट्या खोलीत, आणि गाडीत काही राहिलं तर कुणीतरी गाडीतच झोपायचं. ड्रोन या यादीत नव्हताच. त्याची वेगळी पॉलिसी लागते. ती ड्रोनवाल्याकडे आहे का, एवढं पाहून तिची प्रत घेतली.

होडीचं उत्तरही या खुलाशांच्या मेलमध्येच गेलं. होडीत किती माणसं, लाइफ जॅकेट किती, होडीची नोंदणी आहे का, सोबत दुसरी होडी असेल का, मेरिटाइम बोर्डाची परवानगी कधी मिळणार, हे सगळं लिहिलं. कंपनीने होडीवरचं सामान मान्य केलं, पण त्या एका दिवसासाठी डिडक्टिबल दुप्पट केलं. दिग्दर्शकाने मग कॅमेरा होडीतून काढून धक्क्यावर लावला आणि लांब लेन्सवर सीन घ्यायचं ठरवलं. तो म्हणाला, दोघं पाण्यात एकटेच दिसतील, हेच बरं.

आता काकांबद्दल. आमच्या सिनेमातले आजोबा म्हणजे ७१ वर्षांचे ज्येष्ठ नट. ३२ पैकी २३ दिवस त्यांचं काम. कलाकाराच्या आजारपणाचा विमा सगळ्या कलाकारांचा नसतो. ज्यांच्या अनुपस्थितीत शूट थांबेल अशांची नावं फॉर्ममध्ये जाहीर करावी लागतात आणि त्यांची वैद्यकीय तपासणी होते. आम्ही चार नावं दिली. प्रत्येकाला एक प्रश्नावली भरायची होती. काकांनी ती भरून पाठवली, सगळीकडे 'नाही'.

त्यांना मधुमेह आहे हे सेटवर सगळ्यांना माहीत होतं. दुपारी बरोबर एकला त्यांचा डबा उघडतो, एक मिनिट पुढे नाही. मी त्यांच्या ठाण्याच्या घरी गेले. काकूंनी चहा दिला, दोन कप साखरेचे आणि एक बिनसाखरेचा. मी प्रश्नावली टेबलावर ठेवली. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, हे लिहिलं की तुम्ही दुसरा नट शोधाल. या वयात असा रोल पुन्हा येत नाही."

मी त्यांना सांगितलं की काका, तुमच्याशिवाय हा सिनेमा होत नाही, म्हणून तर विमा आहे. आणि हे लपवून तुम्हाला साधा ताप जरी आला, तरी कंपनी म्हणेल माहिती दडवली आणि सगळाच दावा बंद करेल. तेव्हा तुमच्यामुळे सिनेमा अडला असं होईल. ते उठले आणि आतून एक पिवळी फाइल घेऊन आले. त्यात २०१६ चं डिस्चार्ज कार्ड होतं, एक स्टेंट. मधुमेह बारा वर्षांपासून. प्रश्नावली आम्ही दोघांनी बसून पुन्हा भरली, गोळ्यांच्या नावांसकट. त्यांचा हात थरथरत होता, म्हणून मी लिहिलं आणि त्यांनी सही केली.

कंपनीच्या पॅनेलवरच्या डॉक्टरने रक्तदाब, ईसीजी, टू-डी इको आणि साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीची चाचणी केली. ती ७.१ आली, औषधांवर नियंत्रणात. निकाल असा लागला: काकांचा विमा मान्य, पण हृदयविकार आणि मधुमेहातून उद्भवलेले त्रास वगळून. अपघात आणि इतर आजार धरले जातील. दर आजाराच्या घटनेला पहिला एक दिवस आमचा, त्यापुढचे दिवस कंपनीचे. तपासणीचा निकाल येईपर्यंत कुठल्याच कलाकाराला आजारपणाचा विमा लागू नव्हता, फक्त अपघाताचा होता. हे फार कमी निर्मात्यांना ठाऊक असतं, आणि तपासण्या शूटच्या आदल्या दिवसापर्यंत ढकलल्या जातात.

सगळ्यात जास्त वाद झाला तो पावसावरून. मूळ शेड्यूल १ ऑक्टोबरपासून होतं. दिग्दर्शकाला भात उभं असलेली हिरवी-पिवळी शेतं हवी होती, आणि ती तेव्हाच मिळतात. अंडररायटरने दोन ओळींत विचारलं की परतीचा पाऊस धरला आहे का, आणि २०१९ च्या ऑक्टोबरच्या शेवटी या किनाऱ्यावर काय झालं होतं ते पाहिलं आहे का. ते क्यार वादळाचं वर्ष. वादळ किनाऱ्यावर आलंही नव्हतं, समुद्रातूनच पुढे गेलं, पण देवगड-मालवणला पाऊस आणि लाटांनी झोडपलं होतं. मुंबईतून मान्सून माघारी फिरायची सरासरी तारीखच ८ ऑक्टोबर आहे, आणि मुंबईहून खाली कोकणात तो त्यानंतर सरतो. म्हणजे आम्ही सरासरीनेही पावसातच शूट ठेवलं होतं.

पावसाचा विमा मूळ पॉलिसीत येत नाही, वेगळा जोडावा लागतो. त्याची अट मोजमापाची होती: दिवसभरात ठरलेल्या मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तरच दावा, आणि तो पाऊस हवामान खात्याच्या जवळच्या केंद्रावर मोजलेला. मला हे आधी ठीक वाटलं. मग गावातल्या ज्या काकांच्या वाड्यात शूट होतं त्यांच्याशी बोलले. ते म्हणाले, "परतीचो पाऊस हो असो, आमच्या वाडीत धो धो आणि पलीकडच्या वाडीत उन्ह." केंद्र आमच्या लोकेशनपासून चांगलं लांब होतं. आमच्याकडे ढगफुटी झाली आणि केंद्रावर कोरडं राहिलं, तर कागदावर पाऊस नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. हवामान खातं पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजतं. परतीचा पाऊस दुपारी गडगडाट करून येतो, अर्ध्या तासात जातो, पण त्यानंतर उजेड गेलेला असतो, अंगण चिखल झालेलं असतं आणि आधीच्या शॉटशी काही जुळत नाही. तो पाच-सात मिलिमीटरचा पाऊस आमचा दिवस खातो आणि अटीपर्यंत पोचत नाही. उलट रात्री दोनला ४० मिलिमीटर पडला आणि दिवसा लख्ख ऊन असलं, तर आकडा ओलांडला जातो पण आमचं काम अडलेलं नसतं, म्हणून दावा नाही. एवढ्यासाठी त्यांनी मागितलेला जादा प्रीमियम होता साडेचार लाख, म्हणजे आमच्या एका बंद दिवसाएवढा.

मी दिग्दर्शकासमोर हे सगळं मांडलं. तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. मग स्वतःच म्हणाला की कापणीनंतरची शेतं, उडव्या, यातही काहीतरी आहे. शेड्यूल १४ नोव्हेंबरवर नेलं. पावसाचा विमा घेतला नाही. त्याऐवजी वीस दिवसांत दोन दिवस राखीव ठेवले आणि प्रत्येक बाहेरच्या सीनसोबत वाड्याच्या आतला एक सीन तयार ठेवला. मला अजूनही वाटतं, किनाऱ्यावर शूट करणाऱ्या छोट्या सिनेमासाठी साडेचार लाख असे वापरणंच बरोबर.

वादळ, पूर, वीज यांनी सेटचं किंवा सामानाचं नुकसान झालं तर ते मूळ पॉलिसीत होतं. फक्त पावसामुळे काम थांबणं नव्हतं. या दोन गोष्टी लोक एकच समजतात.

युनिटच्या अपघात विम्याचं आणि तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचं काम लवकर आटपलं, तिथे फक्त माणसांची संख्या आणि उंचीवर काम करणारे लाइटमन किती हे नीट लिहावं लागलं. अंतिम प्रीमियम ३ लाख १२ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ३ लाख ६८ हजार १६०. निर्माते म्हणाले अर्धे आता देऊ, अर्धे शूट सुरू झाल्यावर. ब्रोकरने सांगितलं की विमा कायद्यातच आहे, प्रीमियम जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. ११ तारखेला संध्याकाळी पैसे गेले. १२ तारखेच्या रात्री टेम्पो निघाला तेव्हा कव्हर नोट, म्हणजे विमा लागू झाल्याचा कागद, माझ्या फोनमध्ये होती.

शूटच्या अकराव्या दिवशी काकांना ताप आला. दुपारी डबा उघडला आणि ते जेवले नाहीत, तेव्हाच मला कळलं. संध्याकाळी १०३. दुसऱ्या सकाळी कणकवलीला नेलं, डेंग्यूची चाचणी पॉझिटिव्ह आली, प्लेटलेट उतरलेल्या. डॉक्टरांनी दाखल करून घेतलं.

ब्रोकरने आधीच बजावलं होतं की पहिल्या चोवीस तासांत मेल जायला हवा आणि मोठा खर्च करण्याआधी कंपनीची लेखी संमती हवी. मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून मेल लिहिला: काय झालं, कधी झालं, काकांचे किती सीन उरले, त्यांच्याशिवाय किती दिवस काम चालेल, पुढे दोन पर्याय. एक, युनिट मुंबईला परत पाठवायचं आणि जानेवारीत पुन्हा यायचं. दोन, युनिट इथेच थांबवायचं. दोन्हीचा खर्च लिहिला. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरहून नुकसानीची तपासणी करणारे सर्व्हेअर आले. शांत, वयस्कर गृहस्थ. त्यांनी सगळ्यात आधी शेड्यूलचा तक्ता मागितला आणि बोट ठेवून विचारलं, "हे तीन सीन त्यांच्याशिवाय आहेत. हे आधी का नाही घेत?" आम्ही तेच करत होतो. नुकसान कमी करणं ही आपली जबाबदारी असते. हातात काम असताना युनिट बसवून ठेवलं तर ते दिवस दाव्यात धरले जात नाहीत.

काका एकूण आठ दिवस कामाबाहेर होते. तीन दिवस त्यांच्याशिवायचे सीन घेतले. एक दिवस तसाही सुट्टीचा होता. उरले चार दिवस, युनिट पूर्ण थांबलेलं. त्या चार दिवसांत लोकेशनचं भाडं आणि ज्युनियर आर्टिस्ट नव्हते, व्हेंडरने भाडं निम्मं केलं. प्रत्यक्ष खर्च झाला १३ लाख ६० हजार.

सर्व्हेअरच्या प्रश्नांपैकी एक मी विसरणार नाही. काकांना मधुमेह आहे, तो वगळलेला आहे, मग हे आजारपण त्यातून लांबलं का? मी पॅनेलच्या डॉक्टरांचाच अहवाल पुढे केला, ७.१ वाला. कणकवलीच्या डॉक्टरांनी लिहून दिलं की साखर दाखल असतानाही आटोक्यात होती आणि मुक्काम डेंग्यूमुळेच होता. सर्व्हेअरनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, तारखा पाहिल्या आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. ती पिवळी फाइल त्या दिवशी ठाण्याच्या कपाटात राहिली असती, तर आमचं संभाषण तिथेच संपलं असतं.

कापलं गेलं ते असं. महिन्याच्या पगारावर असलेल्या सहायकांचे एक लाख आम्ही चार दिवसांत वाटून लावले होते. ते मान्य झाले नाहीत, कारण तो पगार तसाही द्यायचाच होता. ६० हजारांचा बाटा रोख दिलेला, व्हाउचरवर सह्या नव्हत्या, तोही गेला. माणसांना पैसे मिळाले होते, ते समोर उभे होते, पण कागद नव्हता. त्या संध्याकाळपासून आमच्याकडे सहीशिवाय बाटा दिला जात नाही. राहिले १२ लाख. एक दिवसाचं डिडक्टिबल म्हणून तीन लाख वजा होऊन ९ लाख मान्य झाले. काकांचं हॉस्पिटलचं बिल यात येतच नाही, ते त्यांच्या मेडिक्लेममधून गेलं. रक्कम खात्यात यायला साधारण तीन महिने लागले, आणि तोवर युनिटचे पैसे निर्मात्यांनी उसने काढून दिले. विम्याचा पैसा शूट चालू असताना हातात येत नाही, तेवढी सोय वेगळी करावीच लागते.

एका लेन्सचंही झालं. अठराव्या दिवशी वाऱ्याने रिफ्लेक्टर स्टँडसकट आडवा झाला आणि ट्रायपॉडवर आला. दुरुस्ती पॉलिसीतून निघाली, यादीत योग्य किंमत असल्यामुळे कापाकापी न होता, फक्त डिडक्टिबल गेलं. पण दुरुस्तीचे अकरा दिवस व्हेंडरने भाडं लावलं आणि ते आम्ही भरलं. निर्मात्यांनी ती जादा प्रीमियमवाली ओळ आता पुढच्या सिनेमासाठी घ्यायला सांगितली आहे.

काका नवव्या दिवशी सेटवर आले, चेहरा उतरलेला. दिग्दर्शकाने त्यांना आधी बसायचे सीन दिले. होडीचा सीन शेवटच्या दिवशी घेतला. कॅमेरा धक्क्यावर, सोबतची होडी फ्रेमच्या बाहेर, काकांच्या सदऱ्याखाली लाइफ जॅकेट मावेना म्हणून ड्रेसवाल्या दादांनी रात्रभर बसून सदरा दोन इंच सैल केला होता. टेक झाल्यावर काका होडीतूनच ओरडले, "फॉर्ममध्ये लिहिलंय ना गं हे?" मी धक्क्यावरून हात वर केला.